पाठराखीण मागे ठेवली, त्याची गोष्ट

माझ्याकडे एक शंभर पानी वही आहे. जिल्द सुटली आहे, कडा उंदरांनी खाल्ल्या आहेत, पण एक पान मी जिवापाड जपलं आहे. त्या पानावर लाल शाईची एक रेघ आहे, आणि रेघेखाली एका माणसाची वळणदार सही. ही रेघ मी सात वर्षं सांभाळली. लोक सोनं सांभाळतात, मी रेघ सांभाळली. का, ते सांगते. हसायचं तर हसा, आता मला काही वाटत नाही.

मी नववी पास होऊन देवळीला सासरी आले. आमचं कापडाचं दुकान होतं, बस स्टँडकडून बाजाराकडे जाणाऱ्या रस्त्यावर. घरात सासू, नवरा, दोन लेकरं. सत्तरच्या दशकातली शेवटची वर्षं असतील, तेव्हा गावात बालवाडी निघणार अशी हवा उठली. बालवाडीची बाई मॅट्रिक पास पाहिजे होती. मी नवऱ्याला म्हटलं, "मी दहावीले बसतो बाहेरून." आमच्याकडे बायाही 'करतो, बसतो' म्हणतात, त्यात नवल नाही.

नवरा मीटर हातात धरून कापड मोजत होता. म्हणाला, "अवं, बाकीचं ठीक आहे, पण इंग्रजी?"

"इंग्रजीले का वाघ लागला?"

"बस मंग. फी किती तेवढं सांगजो."

असा होता माझा नवरा. हो म्हणायला त्याला कधी वेळ लागला नाही.

आता इंग्रजी मी कशी शिकत होते, तेही सांगते. दुकानात पुड्या बांधायला रद्दी यायची. त्यात एकदा इंग्रजी व्याकरणाचं एक जाडजूड पुस्तक आलं, वरचं पुठ्ठं गेलेलं, पहिली काही पानं फाटलेली. ते मी पुड्यांतून वाचवलं. दुपारी सासू झोपली की ते पुस्तक, एक डिक्शनरी आणि मी. कळलं नाही की दोनदा वाचायचं, दोनदा नाही कळलं तर पाठ करून ठेवायचं, भाकरी थापताना म्हणायचं. अशी मी कर्त्याचं कर्म आणि कर्माचा कर्ता करायला शिकले. परीक्षेत 'वाक्य बदला' म्हणून प्रश्न असायचा. त्यात एक फेर असायचा व्हॉइसचा, आणि मला तोच सगळ्यात आवडायचा. वाक्याला उलटं फिरवायचं आणि अर्थ सांडू द्यायचा नाही. भरलेली घागर एका कमरेवरून दुसऱ्या कमरेवर घ्यावी तसं.

गावात इंग्रजीचा एकच क्लास होता. ते सर कचेरीत कारकून होते, सकाळ-संध्याकाळ क्लास घ्यायचे. इंग्रजी फाडफाड बोलायचे, त्यामुळे तालुक्यात त्यांचा मोठा दरारा. पोस्टातला माणूससुद्धा तार लिहून घ्यायला त्यांच्याकडे यायचा. मी संध्याकाळच्या बॅचला जायला लागले. पंधरा वर्षांची पोरंपोरी आणि त्यांच्यात मी, लुगड्यातली, दोन लेकरांची आई, मागच्या सतरंजीवर.

सरांची एक पद्धत होती. वह्या तपासून झाल्या की चुकलेली वाक्यं ते मोठ्यानं वाचून दाखवायचे. ज्याची चूक त्यानं उभं राहायचं, बाकीच्यांनी हसायचं. हसू आलं नाही तरी हसायचं, नाही तर सर म्हणायचे, "तुला समजली नाही वाटते चूक. ये, तूही उभा राहा." मग चुकीवर लाल रेघ आणि खाली सही. प्रत्येक रेघेखाली सही. त्यांना आपली सही फार आवडायची.

एका दिवशी वाक्य आलं : द बॉइज लाफ्ड ॲट द बेगर. पोरं त्या भिकाऱ्याला हसली. त्याचं पॅसिव्ह करायचं होतं. मी लिहिलं, द बेगर वॉज लाफ्ड ॲट बाय द बॉइज.

दुसऱ्या संध्याकाळी सरांनी माझी वही उचलली. "आता ऐका गंमत. आपल्या ताईंनी काय लिहिलं आहे? लाफ्ड ॲट बाय! ॲट बाय! एका सीटवर दोन पॅसेंजर बसवले हो ताईंनी!" सगळे हसले. मी उभी राहिले.

मी म्हटलं, "सर, पुस्तकात असंच आहे."

"कोणत्या पुस्तकात?"

"रद्दीत सापडलेल्या."

आता तर पोरं लोळायचीच बाकी होती. सर हसू आवरत म्हणाले, "ताई, दोन प्रिपोझिशन शेजारी-शेजारी बसत नसतात. 'बाय' आला की 'ॲट' नं उठायचं. रद्दीतलं ज्ञान रद्दीतच ठेवा." आणि 'ॲट'वर लाल रेघ मारली. खाली सही केली.

माझे कान तापले होते. पण त्याहून वाईट काय झालं सांगू? माझा विश्वास बसला. इतका मोठा माणूस, इतकी फाडफाड इंग्रजी, आणि मी रद्दीवाली. मी घरी येऊन माझ्या पुस्तकातल्या त्या वाक्यापुढे पेन्सिलनं फुली मारली. पुस्तकच चुकलं असेल म्हटलं.

मार्चमध्ये परीक्षा झाली. पेपरात व्हॉइसची दोन वाक्यं तीच आली. म्हणजे तीच नव्हे, त्या जातीची. एकात 'लाफ्ड ॲट', एकात 'लुक्ड आफ्टर' : नर्सनं लेकराची काळजी घेतली, असं. माझ्या हातानं आधी 'लुक्ड आफ्टर बाय' असं बरोबर लिहिलं. मग सर आठवले. मी 'आफ्टर' खोडलं. मग वर जाऊन 'ॲट' पण खोडलं. एका सीटवर एकच पॅसेंजर.

रिझल्ट लागला. गणितात तीन कमी होते, ते ग्रेसनं भरून निघाले. इंग्रजीत तेहेतीस. पासाला पस्तीस. ग्रेस संपली होती.

तुम्ही म्हणाल, दोन मार्क का त्याच दोन वाक्यांचे होते? माझी बाकीची चूक नसेल का? असेल. मी काही पेपर परत पाहिला नाही. पण ती दोन वाक्यं मला येत होती आणि मी ती हातानं खोडली होती, हे तर मला माहीत होतं ना. ऑक्टोबरला मी परत बसले आणि पास झाले. पण जूनमध्येच बालवाडी सुरू झाली होती आणि बाई नेमली गेली होती. बरी होती बिचारी, तिच्यावर माझा राग नाही. मी रोज दुकानात बसून समोरून लेकरांची ओळ जाताना पाहायची. पुढं ती बाई, हातात टाळी वाजवायची लाकडी पट्टी. ती पट्टी माझ्या हातात असती.

मी चूक होते की बरोबर, हे मला ऑक्टोबरच्या आधीच कळलं होतं. वर्ध्याला माल घ्यायला नवऱ्यासोबत जायची, तेव्हा मी तिथल्या वाचनालयात तासभर बसायची. तिथं एक बाई यायच्या, मोठ्या हायस्कुलातून नुकत्याच रिटायर झालेल्या. आयुष्यभर इंग्रजी शिकवलेलं. मी धीर करून माझं पुठ्ठं नसलेलं पुस्तक त्यांच्यासमोर ठेवलं आणि फुली मारलेलं वाक्य दाखवलं.

बाईंनी चष्मा लावला. "फुली कोणी मारली?"

"मी."

"का?"

त्यांनी उत्तराची वाट न पाहता खोडरबरानं फुली खोडली आणि म्हणाल्या, "लाफ हे एकटं नाही इथं. लाफ ॲट मिळून एक क्रियापद. लुक आफ्टर, सेंड फॉर, सगळी अशीच. वाक्य फिरवलं तरी जोडी तुटत नाही. 'बाय' वेगळ्या कामासाठी येतो, कोणी केलं ते सांगायला. तो यायचा तर येईल, नाही तर नाही येणार. द डॉक्टर वॉज सेंट फॉर. बस, संपलं वाक्य. 'फॉर' जागेवरच आहे ना?"

मला एकदम समजलं, आणि माझ्याच भाषेत समजलं. आमच्याकडे पोरगी पहिल्यांदा सासरी जाते तेव्हा सोबत पाठराखीण जाते. लहान बहीण, नाही तर मावशी. पोरगी गाडीत बसली म्हणजे पाठराखीणही बसली. सासरचे लोक दारात उभे असतात, म्हणून कोणी पाठराखिणीला वेशीवरून परत पाठवत नाही. 'लाफ्ड'ची पाठराखीण 'ॲट'. 'बाय' म्हणजे सासरचे. एवढं साधं! आणि त्या माणसानं माझ्या पाठराखिणीला वेशीवरून हाकललं होतं, वर सही केली होती.

त्या दिवशी बसमध्ये मी नवऱ्याला म्हटलं, "मी त्या सराले सोडत नाही."

"काय करशीन?"

"माहीत नाही. पण सोडत नाही."

तो म्हणाला, "तिकीट घे आधी."

मग मी काय केलं, तर क्लास काढला. दुकानाच्या मागच्या खोलीत, दुपारी, फक्त पोरींसाठी. फी नाही. सासू म्हणायची, "फुकटची मास्तरीण!" पण पोरींना पाणी तीच द्यायची. पहिल्या वर्षी तीन पोरी होत्या, मग पाच, मग सात वर्षांनी बारा. खोटं कशाला बोलू, पोरींची माया होतीच, पण प्रत्येक पोरगी आली की मला वाटायचं, सरांची एक सतरंजी रिकामी झाली. पाठराखीण सगळ्यांना पहिल्याच आठवड्यात शिकवायची. शेंबडी पोरगीसुद्धा सांगायची, "काकू, हिची पाठराखीण 'आफ्टर'."

त्या बारा जणींत एक वसतिगृहातली पोरगी होती. आष्टीकडच्या डोंगरातली, आदिवासी घरची, बाप जंगलखात्यात मजुरीला. घरी त्यांची भाषा वेगळी. मराठी बोलताना ती शब्द तोलून-तोलून ठेवायची, म्हणून बोलायचीच कमी. पण वाक्य फिरवावं तर तिनंच. तिला मराठीही परकी आणि इंग्रजीही परकी, त्यामुळे दोघींना ती सारखंच जपायची. अक्षर असं की छापल्यासारखं.

सर दरवर्षी जानेवारीत सराव परीक्षा घ्यायचे. कोणीही बसावं, क्लासचं असो नसो. मग बक्षीस समारंभ : शाळेच्या पटांगणात मांडव, एक पाहुणे, आईबाप, हार. आणि बक्षिसांच्या आधी सरांचा आवडता कार्यक्रम, पाहुण्यांसमोर चुका वाचून दाखवणं. लोक तेवढ्यासाठी यायचे म्हटलं तरी चालेल.

त्या वर्षी डिसेंबरात सर आमच्या दुकानात टॉवेल घ्यायला आले. बक्षिसाला टॉवेल द्यायचे. नवऱ्याला म्हणाले, "शेठ, यंदा पाहुणा मिळून नाही राहिला. वर्ध्याचा कोणी चांगला माणूस आहे का ओळखीचा?"

मी आत गाठोडं सोडत होते. मी तिथूनच म्हटलं, "एक बाई आहेत ना. मोठ्या शाळेतून रिटायर. इंग्रजीच्याच."

सर खूश. "इंग्रजीच्या? वा, वा! वहिनी, मग तर फारच छान. आमच्या मुलांचं इंग्रजी बघतील." मला ते ओळखत होते, पण दुकानातली वहिनी म्हणून. सात वर्षांपूर्वी त्यांच्या सतरंजीवर उभी राहिलेली ताई त्यांना आठवतही नव्हती. मला त्याचाच जास्त राग आला, सांगते. मी रोज आठवत होते आणि त्यांनी एकदाही आठवू नये?

सर गेल्यावर नवरा माझ्याकडे पाहतच राहिला. "का करून राह्यली तू?"

"टॉवेल मोज," मी म्हटलं.

सराव परीक्षेला मी माझ्या बाराही पोरी बसवल्या. त्यांना काही सांगितलं नाही. पेपरात असं एखादं वाक्य सर घालणार हे मला ठाऊक होतं, दरवर्षी घालायचे, गंमत करायला मिळते म्हणून. बाईंनाही मी काही सांगितलं नाही. सरळ बाई आहेत, त्यांना सरळच येऊ द्यावं म्हटलं. समारंभाच्या दिवशी मी पिशवीत ती वही घेतली आणि बायांच्या रांगेत दुसऱ्या ओळीत बसले.

हारतुरे झाले. सर उठले. हातात पेपरांचा गठ्ठा. "बाई, आता आमची गंमत ऐका." एक-दोन स्पेलिंगच्या चुका झाल्या, लोक हसले. मग सरांनी गठ्ठ्यातून एक पेपर काढला, अंतरावर धरला, आणि त्या वसतिगृहातल्या पोरीला उभं केलं.

"ही आमची जंगलची पाहुणी. काय लिहिलंय? द पेशंट वॉज लुक्ड आफ्टर बाय द नर्स. आफ्टर बाय! आफ्टर बाय! देवळीच्या गाडीत बसली काय गं तू? एका सीटवर दोन पॅसेंजर!"

सात वर्षांनीही तोच विनोद. सगळा मांडव हसला. माझ्याशेजारची बाईसुद्धा पदर तोंडाला लावून हसली. ती पोरगी मान खाली घालून उभी होती, आणि तिचे कान लाल होत गेले. मला दुरून दिसत होते ते कान.

बाई हसल्या नाहीत. त्यांनी हात पुढे केला. "बघू." पेपर घेतला, चष्मा लावला, सावकाश वाचला. "सर, यात चूक कोणती?"

"बाई, दोन प्रिपोझिशन..."

"वाक्य बरोबर आहे. चूक तुमच्या रेघेत आहे."

मांडवातला हशा थांबला, मागच्या टपरीवरचा स्टोव्ह ऐकू आला. सर म्हणाले, "बाई, आम्हाला आमच्या गुरुजींनी असंच..."

तेव्हा मी उठले. वही उघडून टेबलावर ठेवली. "बाई, हेही तपासून द्या. हे माझं. सात वर्षांपूर्वीचं."

बाईंनी वहीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्यांना खोडलेली फुली आठवली असावी. म्हणाल्या, "हेही बरोबर आहे."

सरांनी आपली सही ओळखली. हळूच म्हणाले, "वहिनी, घरी बोलू आपण."

"घरी नाही केलं तुम्ही माहं हसं," मी म्हटलं. "चारचौघांत केलं. फळा आहे, खडू आहे. चारचौघांत लिहा."

लिहिलं त्यांनी. मांडवाच्या कोपऱ्यात फळा होता, त्यावर. द बेगर वॉज लाफ्ड ॲट बाय द बॉइज. 'ॲट' लिहिताना खडू तुटला. मी म्हटलं, "वाचा." त्यांनी वाचलं. आणि मागून कुठूनतरी त्यांच्याच क्लासचं एक पोरगं ओरडलं, "सर वॉज लाफ्ड ॲट बाय द होल क्लास!"

बाई म्हणाल्या, "हेही बरोबर."

मग जो हशा उठला, तो मी अजून कानात ठेवला आहे. सर हार काढून टेबलावर ठेवून निघून गेले, टॉवेल वाटायचे राहिले. ते आम्हीच वाटले. त्या रात्री मी पोटभर जेवले. मला त्यांची कीव आली का? नाही. लोक विचारतात, म्हणून सांगते. नाही आली. त्यांच्या क्लासला पुढे पोरं जात राहिली, पण चुका वाचायचा कार्यक्रम बंद झाला.

पण ती पोरगी क्लासला आली नाही. एक दिवस, दोन दिवस, आठ दिवस. मी वसतिगृहावर गेले. ती अंगणात कपडे पिळत होती. मला पाहून हात पुसले.

"काऊन नाई येत?"

तिनं पुन्हा कपडा उचलून पिळला. मग म्हणाली, "काकू, तुमाले माहीत होतं? तो सर माहं वाक्य वाचून दाखवन म्हणून?"

मी हो म्हटलं. आणखी काय म्हणणार? ते लाल कान मी ओळखले होते. सात वर्षं मी तेच कान घेऊन हिंडले होते, आणि माझा हिशेब चुकता व्हावा म्हणून मी ते एका लेकराच्या डोक्याला लावले. सरांनी माझी पाठराखीण हाकलली, आणि मी? मी ह्या पोरीला एकटीलाच मांडवात पाठवलं. सोबत कोणी नाही.

"माफ कर वं," मी म्हटलं.

तिनं पिळलेला कपडा दोरीवर टाकला, नीट ताणला. "मले सांगून ठेवलं असतं तर मी मान खाली नसती घातली," ती म्हणाली. "तोंडाकडं पाह्यत राह्यली असती त्याच्या. बाईनं बरोबर म्हटलं तवा."

तिचा वाटा मी एकटीनंच खाल्ला होता.

"तो पेपर तुमच्यापाशी आहे?" तिनं विचारलं.

होता. समारंभानंतर मी तो टेबलावरून उचलला होता, माझ्या वहीत ठेवला होता. दोन लाल रेघा, दोन सह्या, शेजारी-शेजारी. खरं सांगते, मला तो द्यायचा नव्हता. तो पेपर म्हणजे माझा विजय होता.

"मले पाहिजे," ती म्हणाली. "तो माहा आहे."

दुसऱ्या दिवशी ती क्लासला आली, आणि मी तिला पेपर दिला. तिनं घडी केली, चार घड्या, आणि झंपरच्या आत ठेवला. मग बसली आणि म्हणाली, "काकू, पुढचं वाक्य."

म्हणून माझ्या वहीत आता एकच रेघ आहे.